२० व्हॉल्यूम म्हणजे नेमकं किती? हायड्रोजन पेरॉक्साइडचं उत्तर चुकतं तेव्हा काय तपासावं

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते, आणि प्रयोगशाळेचं कपाटही माझ्याच ताब्यात असतं. पेरॉक्साइडची बाटली त्या कपाटातून बाहेर निघाली की दोन तासांत कोणीतरी वही घेऊन येतं, "मॅडम, उत्तर जुळत नाहीये." गेली काही वर्षं मी आधी वही बघतच नाही. एकच विचारते: किती चुकलंय? अर्धं आलंय, दुप्पट आलंय, की दहा टक्क्यांनी वर गेलंय? या हिशोबात चुका मोजक्याच होतात आणि प्रत्येक चूक उत्तराला आपापल्या ठरावीक पटीने बिघडवते. त्यामुळे पट कळली की चूक बहुतेक वेळा जागेवर सापडते.

लक्षणं

मोलॅरिटी अपेक्षेच्या बरोबर अर्धी किंवा बरोबर दुप्पट येते. ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार.

पाठ्यपुस्तकातलं उत्तर आणि तुमचं उत्तर यांत एक-सव्वा टक्क्याचा फरक पडतो आणि कितीही वेळा केलं तरी तो जात नाही.

"३० टक्के" लिहिलेल्या बाटलीतून केलेलं द्रावण अनुमापनात दहा टक्क्यांनी जास्त तीव्र निघतं, तेच ३ टक्क्यांच्या बाटलीला मात्र असं काही होत नाही.

१०० व्हॉल्यूमचं २० व्हॉल्यूम करायला जाता आणि हातात १६-१७ व्हॉल्यूम येतं.

ऑक्सिजन गोळा करून मोजला तर २० व्हॉल्यूमची बाटली २५ व्हॉल्यूमची वाटते.

आणि शेवटचं: हिशोबात काही खोट नाही, तरी अनुमापन दर महिन्याला थोडं थोडं खाली उतरतं.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की पहिल्या काहींना कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. थेट ब्युरेट भरायला धावू नका; तिथे तास जातो आणि चूक बहुतेकदा लेबलावर असते.

लेबल पुन्हा वाचा, मोठ्याने

पेरॉक्साइडच्या लेबलवर तीव्रता तीन प्रकारे छापलेली असते: व्हॉल्यूममध्ये, `w/v` टक्क्यांत किंवा `w/w` टक्क्यांत. यांपैकी कोणतं आहे ते न बघता नुसता आकडा उचलला की पुढचं सगळं चुकतं.

व्हॉल्यूम म्हणजे काय, ते एका वाक्यात सांगते. द्रावणाच्या एका मापातून, पूर्ण विघटन झाल्यावर, प्रमाण तापमान-दाबाला ऑक्सिजनची जितकी मापं मिळतील तो आकडा. २० व्हॉल्यूमचं १ मिली द्रावण २० मिली ऑक्सिजन देतं. हा आकडा वायूचा आहे, पेरॉक्साइडच्या टक्क्यांचा नाही. आमच्या सोसायटीतल्या ब्यूटी पार्लरच्या ताईंनी एकदा विचारलं होतं, "४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर म्हणजे चाळीस टक्के ना हो?" नाही. ते १२ टक्के. चाळीस टक्के पेरॉक्साइड कोणाच्या केसांना लावलं असतं तर केसांबरोबर डोक्याची कातडीही भाजली असती.

तोंडी हिशोबासाठी व्हॉल्यूमला ०.३ ने गुणा, `w/v` टक्के मिळतात. १० व्हॉल्यूमचे ३, २० चे ६, ३० चे ९, १०० चे ३०. मेडिकलच्या दुकानातल्या बाटलीवर बहुधा "२० व्हॉल्यूम" आणि "६% w/v" दोन्ही छापलेलं असतं, तेव्हा हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का ते आधी बघा. ही तपासणी पाच सेकंदांची आणि फुकटची आहे.

उत्तर अर्धं किंवा दुप्पट: ११.२ कुठून येतो ते बघा

विघटनाची अभिक्रिया अशी:

```
2 H2O2 → 2 H2O + O2
```

पेरॉक्साइडच्या दोन मोलमागे ऑक्सिजनचा एकच मोल. म्हणजे १ मोलर द्रावणाच्या १ लिटरमध्ये पेरॉक्साइडचा एक मोल असतो, त्यातून ऑक्सिजन निघतो अर्धा मोल, आणि अर्ध्या मोलचं आकारमान २२.४ च्या अर्धं, ११.२ लिटर. म्हणून १ मोलर पेरॉक्साइड म्हणजे ११.२ व्हॉल्यूम. बाकी सगळी सूत्रं याच एका ओळीतून निघतात:

```
M     = V / 11.2
N     = V / 5.6
% w/v = M × 3.4
```

इथे V म्हणजे व्हॉल्यूमचा आकडा. ३.४ येतो कारण पेरॉक्साइडचं रेणुवस्तुमान ३४ आहे: मोलॅरिटीला ३४ ने गुणलं की एका लिटरमधले ग्रॅम मिळतात, आणि टक्के १०० मिलीमागे मोजतात म्हणून त्याला १० ने भागायचं.

आता पट बघा. कोणी V ला २२.४ ने भागलं तर उत्तर बरोबर अर्धं येतं. असं करणाऱ्याच्या डोक्यात "एक मोल वायू २२.४ लिटर" एवढं पक्कं असतं, पण अभिक्रियेतला तो २ निसटलेला असतो. याउलट ५.६ ने भागून त्याला मोलॅरिटी म्हटलं तर उत्तर दुप्पट. ५.६ हा आकडा नॉर्मॅलिटीचा आहे. पेरॉक्साइडचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो म्हणून नॉर्मॅलिटी मोलॅरिटीच्या दुप्पट. प्रवेश परीक्षांच्या क्लासमधून ५.६ पाठ करून आलेली मुलं हमखास इथे सापडतात. मी त्यांना सूत्र विसरायला सांगते आणि फळ्यावर अभिक्रिया लिहून ११.२ स्वतः काढायला लावते. एकदा स्वतःच्या हाताने काढला की तो आकडा पुन्हा चुकत नाही.

२० व्हॉल्यूमसाठी पूर्ण करून बघू. २० भागिले ११.२, म्हणजे १.७९ मोलर. त्याला ३.४ ने गुणलं की ६.०७ टक्के. लेबलवर ६ टक्के आहे. मग हे ०.०७ कुठून आलं?

एक-सव्वा टक्का: २२.४ की २२.७

हे ०.०७ तुमची चूक नाही. जुन्या व्याख्येत प्रमाण दाब १ वातावरण होता आणि ०° सेल्सियसला एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर. १९८२ पासून आययूपॅकने प्रमाण दाब १ बार धरला. त्या दाबाला तेच आकारमान २२.७ लिटर होतं. मग ११.२ च्या जागी ११.३५ येतो, २० व्हॉल्यूमचे १.७६ मोलर होतात आणि टक्के ५.९९. फरक १.३ टक्क्यांचा.

एनसीईआरटीच्या जुन्या अकरावीच्या पुस्तकात १० व्हॉल्यूमचं उदाहरण २२.७ धरून सोडवलेलं होतं, म्हणून तिथे नीट ३ टक्के येत. बाजारातली बहुतेक गाइडं अजून ११.२ वापरतात. माझं मत विचाराल तर प्रयोगशाळेतल्या कामाला हा वाद फिजूल आहे: वापरात असलेल्या बाटलीची ताकद याहून कितीतरी जास्त घसरलेली असते. परीक्षेत मात्र प्रश्नात दिलेलं आकारमान वापरा, आणि काही दिलं नसेल तर आपण कोणतं धरलं ते एका ओळीत लिहा. इथून पुढे मी ११.२ च वापरते.

दहा टक्क्यांनी जास्त: वजनावर वजन की आकारमानावर वजन

ही चूक मला स्वतःला महागात पडली आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

`w/v` म्हणजे १०० मिली द्रावणात किती ग्रॅम पेरॉक्साइड. `w/w` म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम. द्रावणाची घनता पाण्याइतकी असेल तर दोन्ही सारखेच, आणि ३ टक्क्यांच्या द्रावणाची घनता १.०१ च्या आसपास असते, म्हणून तिथे फरक जाणवत नाही. पण पेरॉक्साइड पाण्यापेक्षा बरंच जड आहे. ३० टक्के `w/w` द्रावणाची घनता १.११ ग्रॅम प्रति मिली भरते. म्हणजे त्याच्या १०० मिलीचं वजन १११ ग्रॅम, आणि त्यात पेरॉक्साइड ३३.३ ग्रॅम. ३३.३ भागिले ३.४, म्हणजे ९.८ मोलर, गुणिले ११.२, म्हणजे सुमारे ११० व्हॉल्यूम.

थोडक्यात, "३०% w/w" ची बाटली १०० व्हॉल्यूमची नसते, ११० व्हॉल्यूमची असते. खरी १०० व्हॉल्यूमची बाटली वजनात मोजली तर २७ ते २७.५ टक्क्यांची भरते, कारण २७.५ ला घनता १.१० ने गुणलं की ३०.३ येतात. म्हणूनच एकाच ताकदीच्या मालावर कधी २७ तर कधी ३० लिहिलेलं दिसतं आणि दोन्ही आकडे खरे असतात.

आमच्याकडे एक वर्ष पुरवठादार बदलला. आधीची बाटली १०० व्हॉल्यूमची होती, नवीन आली ती ३० टक्के `w/w`. मी दोन्हींना एकच समजले. अभिक्रियेचा वेग मोजण्याच्या प्रयोगासाठी ०.१ मोलर द्रावण हवं होतं, सवयीने ११.२ मिली घेऊन १ लिटर केलं. १०० व्हॉल्यूमचं असतं तर बरोबर ०.१ आलं असतं. आलं ०.११. चार बॅचच्या मुलांचे वेळ आलेखावर एका रेषेत बसेनात आणि मी त्यांच्या स्टॉपवॉचला दोष देत बसले. पाचव्या बॅचमधल्या एका मुलीने बाटली उचलून विचारलं, "मॅडम, हे दोन डब्ल्यू कशाला?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या बाटलीतून १०.२ मिली घ्यायला हवं होतं.

म्हणून नियम असा: टक्के १० च्या वर असतील आणि लेबलवर `w/w` असेल तर घनतेने गुणल्याशिवाय पुढे जाऊ नका. घनता बहुतेक वेळा लेबलवरच, रेणुवस्तुमानाच्या आसपास, बारीक अक्षरात छापलेली असते. लेबलवर नुसतं "३०%" असेल, खाली काही खुलासा नसेल, तर १० मिली पिपेटने तोललेल्या बीकरमध्ये सोडून वजन करा. ११ ग्रॅमच्या जवळ भरलं तर घनता हाताशी आली. तरीही टक्के कोणत्या पद्धतीचे ते कळलं नाही, तर अनुमापनाला पर्याय नाही. ते खाली आहे.

सहावा भाग कमी: एकास पाच की पाचात एक

१०० चं २० करायचं तर पाचपट विरल करायचं. व्हॉल्यूमचा आकडा मोलॅरिटीच्या प्रमाणातच असल्यामुळे इथे कशाचंही रूपांतर करावं लागत नाही. २० मिली घ्या, एकूण १०० मिली करा. पण "एकास पाच" असं तोंडी सांगितलं की ऐकणारा २० मिलीत १०० मिली पाणी ओततो. एकूण होतात १२० मिली आणि ताकद १६.७ व्हॉल्यूम. उत्तर सहाव्या भागाने कमी आलं की आधी विचारा, पाणी मोजून ओतलं की खुणेपर्यंत भरलं?

याच ठिकाणी आणखी एक सवय तपासा: पाणी कोणतं घेतलं? नळाच्या पाण्यात लोह-तांब्याचे अंश असतात आणि पेरॉक्साइडचं विघटन घडवायला तेवढे पुरतात. ऊर्ध्वपातित पाणीच घ्या, आणि विरल द्रावण ज्या दिवशी करायचं त्याच दिवशी वापरा. बाटलीत कंपनीने स्थिरक घातलेलं असतं. तुम्ही शंभरपट पाणी घातलंत की तेही शंभर पटीने पातळ होतं.

२५ व्हॉल्यूमचा चमत्कार

काही हुशार मुलं म्हणतात, व्हॉल्यूमची व्याख्याच वायूची आहे तर वायूच मोजू. १ मिली द्रावण, चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड, आणि पाण्यावर उलटा धरलेला मोजपात्राचा सिलिंडर. कल्पना चांगली आहे. सिलिंडरमध्ये २५ मिली वायू जमतो आणि मुलं खूश होतात की कंपनीने जास्तच दिलं.

कंपनीने काही जास्त दिलेलं नसतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब ७६० नाही तर साधारण ७१२ मिलिमीटर पारा असतो. मार्चमधल्या ३०° तापमानाला त्यातले ३२ मिलिमीटर पाण्याच्या वाफेचे. म्हणजे कोरड्या ऑक्सिजनचा दाब ६८०. आता २० मिलीला दाबासाठी ७६०/६८० ने आणि तापमानासाठी ३०३/२७३ ने गुणा: २४.८ मिली. सिलिंडरमध्ये दिसलं ते हेच. मुंबईत, समुद्राकाठी, हाच प्रयोग त्याच तापमानाला केला तर २३ च्या थोडं वर येईल. लेबलवरचा आकडा ०° ला आणि प्रमाण दाबाला नेलेला असतो, तुमच्या टेबलावरचा वायू नाही. ही दुरुस्ती करून वायू मोजणं शिकायला छान आहे, पण ताकद ठरवायला मी ते वापरत नाही. सिलिंडरमध्ये एक बुडबुडा चुकला तरी उत्तर हलतं.

बाटलीकडे बघा

हिशोब सगळा नीट आहे आणि तरी ताकद कमी येते, तर संशयित बाटली. उघडलेली तारीख लेबलवर लिहिलेली आहे का? बाटली उन्हात किंवा ओव्हनच्या शेजारी होती का? कोणी पिपेट थेट बाटलीत बुडवली का, किंवा उरलेलं द्रावण परत आत ओतलं का? शेवटची दोन कामं बाटलीचा निकाल लावतात. आधी बीकरमध्ये थोडं काढून घ्यायचं, त्यातून पिपेट भरायची, आणि उरलं ते टाकायचं, हा आमच्याकडे आता कायदाच आहे.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर जूनमध्ये कपाट उघडताना मी ही बाटली सगळ्यात आधी बघते, आणि हात न लावता. का, ते शेवटी सांगते.

शेवटची तपासणी: परमँगनेटने अनुमापन

इथे लेबलवर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही. २० व्हॉल्यूमच्या बाटलीसाठी मी करते ते असं.

१० मिली पेरॉक्साइड रबरी बल्ब लावलेल्या पिपेटने घ्या, तोंडाने ओढू नका. २५० मिलीच्या प्रमाणित फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरा. त्यातले २५ मिली शंकूपात्रात घ्या. यात मूळ बाटलीतलं बरोबर १ मिली असतं. त्यात सुमारे २० मिली विरल सल्फ्युरिक आम्ल घाला आणि ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमधून सोडा. पहिले एक-दोन थेंब गुलाबी रंग धरून रेंगाळतात, घाबरू नका; मँगनीजचे आयन तयार झाले की तेच अभिक्रियेला वेग देतात आणि पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा.

```
2 KMnO4 + 5 H2O2 + 3 H2SO4 → K2SO4 + 2 MnSO4 + 8 H2O + 5 O2
```

या मापांनी काम केलं तर हिशोब सोपा होतो. ०.०२ मोलर परमँगनेटचा प्रत्येक मिली ०.०५ मिलिमोल पेरॉक्साइड खातो. म्हणून ब्युरेटच्या वाचनाला ०.०५ ने गुणलं की मूळ बाटलीची मोलॅरिटी, ०.५६ ने गुणलं की व्हॉल्यूम, आणि ०.१७ ने गुणलं की `w/v` टक्के.

पूर्ण २० व्हॉल्यूमच्या बाटलीला ३५.७ मिली लागायला हवेत. गेल्या वर्षी वर्षभर उघडी राहिलेल्या बाटलीला तीन वेळा ३१.४ आले. म्हणजे १.५७ मोलर, १७.६ व्हॉल्यूम, ५.३ टक्के. लेबल अजूनही २० च म्हणत होतं. त्या बाटलीवर मी टेप चिकटवून १७.६ आणि तारीख लिहिली. मुलांनी त्या आकड्यावर हिशोब केले आणि ते जुळले.

वाचन जुळत नसेल तर चार ठिकाणी बघा. ऑक्झॅलिक आम्लाचं अनुमापन आदल्या आठवड्यात गरम करून केलेलं असतं, म्हणून मुलं सवयीने पेरॉक्साइडचं पात्रही बर्नरवर ठेवतात. पेरॉक्साइड तिथेच विघटन पावतं आणि वाचन कमी येतं. हे अनुमापन थंडच करायचं. दुसरं, तपकिरी गाळ दिसला तर आम्ल कमी पडलंय, ते पात्र टाका आणि पुन्हा घ्या. तिसरं, सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतो आणि वाचन वाढतं. चौथं, परमँगनेटचं द्रावणच जुनं असेल तर ते आधी ऑक्झॅलेटने प्रमाणित करा, नाहीतर एका खोट्या आकड्याने दुसरा खोटा आकडा मोजाल.

एक मर्यादा लक्षात ठेवा. काही बाटल्यांत ॲसिटॅनिलाइडसारखं सेंद्रिय स्थिरक असतं आणि तेही परमँगनेट खातं, त्यामुळे ताकद खऱ्याहून जास्त दिसते. लेबलवर तसं लिहिलेलं असेल तर पोटॅशियम आयोडाइड आणि थायोसल्फेटची पद्धत वापरा, त्यात चिमूटभर अमोनियम मॉलिब्डेट घाला म्हणजे आयोडीन लवकर सुटतं. पार्लरच्या क्रीम डेव्हलपरवर तर परमँगनेट चालवूच नका. त्यातली चरबी आणि सुगंधी द्रव्यं मिळून काय मोजलं जातं ते कळणार नाही.

इथे थांबा

बाटली फुगली असेल, बूड बाहेर आलं असेल, हात जवळ नेताच ऊब जाणवत असेल किंवा न हलवता आत बुडबुडे दिसत असतील, तर झाकण उघडू नका आणि ती उचलूही नका. त्या एका जूनमध्ये मला अशी बाटली सापडली होती. कोणीतरी भोक असलेलं मूळ झाकण हरवून दुसऱ्या बाटलीचं घट्ट झाकण लावलं होतं. आम्ही खोली रिकामी केली, खिडक्या उघडल्या आणि पुरवठादाराच्या सुरक्षा विभागाला फोन लावला. बाटली गरम होत चालली असेल तर त्याचीही वाट बघू नका, सरळ अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

३० टक्क्यांच्या वरचा माल, म्हणजे कापडगिरणी किंवा कागद कारखान्यातले ५० टक्क्यांचे ड्रम, शाळा-कॉलेजातल्या माणसाने विरल करायला घेऊ नयेत, हिशोब कितीही पाठ असला तरी. ते सुमारे २०० व्हॉल्यूमचं द्रव आहे. लाकडावर, चिंधीवर सांडलं तर आग लावू शकतं. ते काम तिथल्या प्रशिक्षित माणसांचं.

१०० व्हॉल्यूमची बाटली घरी नेऊन गुळण्यांसाठी, कानासाठी किंवा जखमेसाठी पातळ करायचा प्रयत्न करू नका. एक दशांशचिन्ह चुकलं की तोंड भाजतं. त्यासाठी औषधाच्या दुकानातली बाटली आणि डॉक्टरांचा सल्ला. अंगावर उडालं तर कातडी पांढरी पडते आणि चुरचुरते. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तर धुणं सुरू ठेवतच दवाखान्यात जा.

आणि आकडा विक्रीसाठी, टेंडरसाठी किंवा वादासाठी हवा असेल तर माझं किंवा तुमचं अनुमापन कोणी मानणार नाही. बंद बाटली एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या, आणि अर्जात उत्तर `w/v` मध्ये हवं की `w/w` मध्ये, ते आधीच लिहा.